लिफ्टमधल्या पाटीचं सोप्या मराठीत रूपांतर, जरा बघता का? (फोटो आहे पण चकाकतोय)

खटपट्या
मंडळी, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बटणांच्या शेजारी एक स्टीलची पाटी आहे, लिफ्ट अडकली तर काय करायचं त्याची. सगळी इंग्रजीत. तिच्याखाली कुणीतरी पूर्वी मराठी कागद चिकटवलाय तो जसाच्या तसा टाकतो:

"आपत्कालीन परिस्थितीत उद्वाहन बंद पडल्यास प्रवाशांनी घाबरून न जाता आपत्कालीन संपर्क कळ दाबून संबंधितांशी संपर्क साधावा व उद्वाहनाचे दरवाजे बळाचा वापर करून उघडण्याचा प्रयत्न करू नये. आगीच्या प्रसंगी उद्वाहनाचा वापर टाळावा."

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू वीस मिनिटं आत अडकल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, कागद दोनदा वाचला पण कळ म्हणजे कुठली आणि संबंधित म्हणजे कोण तेच कळेना, शेवटी दारावर थापा मारत बसले. मी मीटिंगमध्ये हे बोललो आणि अर्थातच काम माझ्याच गळ्यात पडलं. पाटीचा फोटो बघून हे केलंय:

१. घाबरू नका.
२. घंटेचं बटण दाबा.
३. दार उघडायचा प्रयत्न करू नका.
४. मदत येईपर्यंत थांबा.
५. आग लागली असेल तर लिफ्ट वापरू नका.

चालेल का? फ्लॅशमुळे फोटोत मधेच चकाकी आलीये, दुसऱ्या ओळीचा शेवट दिसत नाही, पण तिथे काही महत्त्वाचं नसावं.

बारकूशेठ
"संबंधित" म्हणजे जो नेमका त्या दिवशी रजेवर असतो तो. यात न कळण्यासारखं काय आहे?

तिसरी_घंटा
आधीच्यापेक्षा शंभर पटीने बरं आहे. लावून टाका.

वेलांटी
लावू नका इतक्यात. मी पोटापाण्यासाठी हेच करते, सूचना, माहितीपत्रकं वगैरे. तुमचा तिसरा मुद्दा मोठ्याने वाचा. "दार उघडायचा प्रयत्न" इथपर्यंत माणूस वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय तयार झालेलं असतं? दार उघडायचा प्रयत्न! "करू नका" सगळ्यात शेवटी येतं. इंग्रजी पाटीत नकार पहिल्याच शब्दात असतो, आपल्याकडे तो क्रियापदाला लटकलेला असतो, आणि घाबरलेला माणूस वाक्य पूर्ण वाचत नाही, शब्द उचलतो. दार. उघड. संपलं. पाचव्याचंही तेच, आग... लिफ्ट वापर...

त्यामुळे मराठीत नकार शक्यतो लिहूच नये, त्याऐवजी काय करायचं ते सांगावं. "दारापासून लांब उभे राहा." म्हणजे अर्धं वाचलं तरी उलटा अर्थ निघत नाही. आगीचं "आग लागली? जिन्याने जा."

शब्दप्रभू
उद्वाहन हा चांगला शासनमान्य शब्द आहे. आपण वापरला नाही तर रुळणार कसा? आणि "करा, जा" ही आज्ञार्थी रूपं सार्वजनिक पाटीवर उर्मट वाटतात. "करावे" हेच योग्य.

बारकूशेठ
प्रभू, अंधारात अडकलेला माणूस मनात म्हणत असतो "मेलो, लिफ्ट बंद पडली". "हाय रे दैवा, उद्वाहन!" असं म्हणणारा अजून भेटायचाय.

वेलांटी
@शब्दप्रभू, उर्मटपणाचं म्हणाल तर "करा" मध्ये आदर आहेच, "कर" नाही म्हटलेलं. "करावे" मध्ये नेमकं कुणी करावे हे हवेत राहतं. चार जण आत असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने करावे.

दोरवाला
मी बावीस वर्षं लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे. भाषेतलं मला कळत नाही, पण खटपट्या, "महत्त्वाचं नसावं" म्हणताय त्या चकाकीखालीच महत्त्वाचं असणार असा माझा अंदाज आहे. पुष्कळ लिफ्टमध्ये ते बटण नुसतं टिचकी मारून चालत नाही, साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं तेव्हा कॉल जातो. मुद्दाम तसं ठेवतात, नाहीतर गर्दीत कुणाची पाठ टेकली, पोरांनी गंमत केली की प्रत्येक वेळी फोन लागत बसेल. ओळीचा शेवट तोच असला तर तुमच्या "दाबा" वर विश्वास ठेवून माणूस एकदा दाबेल, काही होणार नाही, बटण बंद आहे असं समजेल आणि मग दाराकडे वळेल. परत फोटो काढा. फ्लॅश बंद, जरा तिरक्या बाजूने. आणि नुसती पाटी नको, बटणांचा अख्खा पॅनलही घ्या.

मधलामजला
हे बरं विचारलं, आमच्या लिफ्टचं दार बंद होताना किर्र आवाज करतं आणि कधी कधी परत उघडतं. काय कारण असेल?

दोरवाला
@मधलामजला खालच्या खाचेत खडा किंवा कचरा अडकला असेल, ती साफ करून घ्या. तरी राहिलं तर तुमच्या मेंटेनन्सवाल्याला सांगा. इथे पाटीवर बोलूया.

खटपट्या
दोरवाला, तुम्ही जिंकलात. आत्ता जाऊन तिरका फोटो काढला. दुसऱ्या ओळीचा शेवट खरंच तोच आहे, ३ सेकंद दाबून धरा. आणि त्याखाली एक अख्खी ओळ चकाकीत गेली होती, पिवळा दिवा म्हणजे कॉल गेला, हिरवा दिवा म्हणजे बोला.

आता पॅनल. त्यावर पिवळं बटण आहे, घंटेचं चित्र असलेलं. त्याच्या शेजारीच दार उघडायचं बटण आहे, दोन बाण आणि मधे रेघ. दोन्ही एकाच आकाराची. काकूंना विचारलं तुम्ही कुठलं दाबलं होतंत, तर म्हणाल्या "ते बाणवालं, चांगलं दहा वेळा".

गोट्या_सीनियर
मला वाटतं तुम्ही उगाच गुंतागुंत करताय. हल्ली लिफ्टमध्ये बॅटरीवाली सिस्टिम असते, लाईट गेली की लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर जाते आणि दार उघडतं. आमच्याकडे दर वेळी होतं तसं. त्यामुळे पाटीवर पहिलं वाक्य "एक मिनिट शांत उभे राहा, दार आपोआप उघडेल" असं टाका, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

दोरवाला
@गोट्या_सीनियर अर्धं बरोबर आहे. ती सिस्टिम असते, पण सगळ्या लिफ्टना नसते, आणि असली तरी ती वीज गेल्यावरच कामाला येते. लिफ्ट थांबायचं कारण दुसरं असेल, समजा कुठल्या तरी मजल्यावरच्या दाराचा कॉन्टॅक्ट तुटला, तर सुरक्षेचं सर्किट उघडं पडतं आणि लिफ्ट मुद्दाम जागची हलत नाही. तेव्हा बॅटरीही तिला हलवणार नाही, हलवूच नये. आता तुमचं वाक्य वाचून आतला माणूस मिनिटभर वाट बघेल, दार उघडणार नाही, मग त्याला वाटेल काहीतरी भयंकर बिघडलंय. पाटीवर असं वचन कधी देऊ नये जे लिफ्ट पाळेलच असं नाही.

गोट्या_सीनियर
बरं, मान्य. पण आमच्याकडे उघडतं.

सायलेंटमोड
मला कमी ऐकू येतं, म्हणून ती दिव्यांची ओळ वाचून थांबलो. अडकल्यावर मी बटण दाबलं तर पलीकडचा माणूस काय बोलतोय ते मला कळत नाही, पण दिवा दिसतो. पिवळा लागला की निरोप गेला एवढं कळलं तरी निम्मा जीव भांड्यात पडतो. हिरवा लागला की मी आपला बोलत सुटतो, ऐकू येवो न येवो. कृपया ती ओळ गाळू नका. बहुतेक भाषांतरांत तीच गाळतात कारण शेवटी छोट्या अक्षरात असते.

वेलांटी
@सायलेंटमोड वा, यातून एक अडचण सुटतेय. "तीन सेकंद" हे घाबरलेल्या माणसाला मोजता येत नाही. त्याचे तीन सेकंद म्हणजे खरा एक. त्यापेक्षा "पिवळा दिवा लागेपर्यंत दाबून धरा" म्हटलं तर मोजायलाच नको, डोळ्याला दिसतं. दोरवाला, चालेल का हे?

दोरवाला
दिवा चालू असेल तर उत्तम. पण दिवा गेलेल्या लिफ्ट मी रोज बघतो. मग माणूस बोट दुखेपर्यंत दाबत राहील. खटपट्यांनी आधी खात्री करून घ्यावी. आणि हो, तपासायला नुसतं बटण दाबू नका, ज्यांच्याकडे कॉल जातो त्यांना आधी कळवा, नाहीतर तुमच्या चाचणीला माणूस धावत येईल.

तिसरी_घंटा
"घाबरू नका" बद्दल कुणीच बोललं नाही. मला ते वाचलं की जास्त भीती वाटते. म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे तर!

वेलांटी
मी ते काढूनच टाकेन. ती सूचना नाही, ते पाळायचं कसं? त्याऐवजी भीती कशाची असते ते बघा आणि त्याला उत्तर द्या. श्वास कोंडेल ही पहिली भीती.

दोरवाला
बरोबर. लिफ्टची केबिन हवाबंद डबा नसते, वरखाली हवेसाठी मोकळी जागा ठेवलेली असते, दाराच्या फटीही असतात. गरम होईल, घाम येईल, पण हवा संपत नाही. "आत हवा येत राहते" हे बिनधास्त लिहा.

आजोळ
माझं मत वेगळं आहे. मी दोनदा अडकलेय. दोन्ही वेळा "घाबरू नका" ही अक्षरं बघून बरं वाटलं होतं, कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं. हवेचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आता पाटीवर वाचून मात्र येईल.

बारकूशेठ
@आजोळ हे म्हणजे "या डब्यात झुरळं नाहीत" अशी पाटी. नव्हतीच मनात, आता बसलीच.

गोट्या_सीनियर
आणि "लिफ्ट पडणार नाही" तेही टाका की. खरी भीती तीच असते.

दोरवाला
एकापेक्षा जास्त दोर असतात, आणि वेग वाढला तर केबिनला रुळांवर घट्ट पकडणारी यंत्रणा असते. त्यामुळे सिनेमातल्यासारखी ती सुटून खाली जात नाही. पण पाटीवर "पडणार" हा शब्द मी स्वतः लावणार नाही. वेलांटीताईंचंच तत्त्व, अर्धं वाचलं तर काय वाचलं? "लिफ्ट पडणार".

वेलांटी
शिष्य तयार झाला :)

हौशीफिटर
मशीनरूममध्येही एक पाटी असते, हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला कशी आणायची त्याची. ती पण भाषांतर करून खाली लावा ना, म्हणजे कुणाची वाट न बघता आपल्यालाच माणूस बाहेर काढता येईल. मी बघितलंय करताना, अवघड काही नाही.

दोरवाला
नको. अजिबात नको. ती पाटी शिकलेल्या माणसासाठी आहे. आधी मेन स्विच बंद करायचा, मग सगळ्या मजल्यांची दारं लागलेली आहेत हे बघायचं, मग ब्रेक थोडा थोडा सोडायचा. आता एक सांगा, आत एकटा माणूस आहे आणि तुम्ही ब्रेक सोडलात. लिफ्ट कुठे जाईल?

हौशीफिटर
खाली. अजून कुठे?

दोरवाला
वर. दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकलेलं वजन रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, साधारण अर्ध्या भरलेल्या केबिनइतकं. एकटा माणूस असला की तेच भारी पडतं आणि केबिन वर सरकते. खाली येईल असं धरून कुणी दार उघडून वाट बघत उभं असेल तर काय होईल याचा विचार करा. "बघितलंय करताना" वाल्यांनीच आमचे केस पांढरे केलेत.

आणि याच निमित्ताने उघड्या दाराचं सांगतो, कारण खटपट्यांच्या पाटीत ते नाही. खरे अपघात अडकल्यामुळे होत नाहीत, बाहेर पडायच्या प्रयत्नात होतात. समजा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, केबिनचा तळ मजल्यापासून मीटरभर वर. आतल्यांनी दार ओढून उघडलं. समोर मजला दिसतोय, जरा खाली आहे, उडी मारली की झालं असं वाटतं. पण केबिनच्या तळाखाली शाफ्टचं भोक उघडं असतं. उडी मारताना पाय मजल्यावर टेकले आणि तोल मागे गेला की माणूस सरळ त्या भोकात. म्हणून दार उघडं असलं, समोर मजला दिसला, बाहेरून शेजारी हात देत असले, तरी आतच थांबायचं. पाटीवर हे यायला हवं.

वेलांटी
म्हणजे दोन वाक्यं. "दारापासून लांब उभे राहा." आणि "दार उघडं दिसलं तरी आतच थांबा." दोन्हीत नकार नाही. तुमच्या "मदत येईपर्यंत थांबा" मध्ये मदत म्हणजे शेजारीही आले, त्याचं काय?

दोरवाला
"लिफ्टचा माणूस सांगेल तेव्हा बाहेर या." कधी कधी फायर ब्रिगेडचा माणूस येतो, पण घाईत तेवढा फरक कुणी करणार नाही.

आजोळ
फोन लागल्यावर काय बोलायचं तेही लिहा हो. मला समोरच्याने विचारलं "कुठून बोलताय" आणि मी स्वतःच्या घराचा पत्ता विसरले. खरंच विसरले. "लिफ्टमधून" असं उत्तर दिलं.

बारकूशेठ
उत्तर चुकीचं नव्हतं.

वेलांटी
आजोळ, हा माझ्या मते सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. पाटीवर तयार वाक्यं हवीत, नुसती बघून वाचायची. आणि इथे मराठीची एक गंमत आहे. "मी अडकलो आहे" लिहिलं तर बायका अडखळणार, "अडकले" लिहिलं तर पुरुष. "अडकलो/अडकले" अशी तिरकी रेघ मारली तर सगळेच अडखळणार. म्हणून वाक्य लिफ्टचं करायचं. "लिफ्ट नंबर दोन बंद पडली आहे. आत माणसं आहेत." मग इमारतीचं नाव, रस्ता. मग किती जण आणि कुणाला बरं नाही का, ते आतल्याने सांगायचं.

खटपट्या
हे भारी आहे. एक शंका, अलार्म लागलाच नाही तर मोबाईलवरून लावायचा नंबर पाटीवर द्यायचाय. तो देवनागरी आकड्यांत लिहू ना?

शब्दप्रभू
अर्थातच देवनागरीत. मराठी पाटी आहे.

वेलांटी
इथे मी शब्दप्रभूंच्या विरुद्ध. ज्या आकड्यांवर बोट ठेवायचं ते आकडे कीपॅडवर जसे दिसतात तसेच पाटीवर हवेत. घाबरलेल्या माणसाला बघून बघून जुळवायचं असतं, भाषांतर करायचं नसतं. लिफ्ट नंबर तोंडी सांगायचा आहे, तो अक्षरी "दोन" लिहा.

शब्दप्रभू
हं. कीपॅडचं पटलं. उद्वाहनाचं पटलेलं नाही.

खटपट्या
आज प्रयोग केला. जाड अक्षरात कागद छापला, लिफ्ट मजल्यावर उभी ठेवली, आतले दिवे बंद केले (आमच्याकडे छोटा इमर्जन्सी दिवा लागतो, अगदी मिणमिणता) आणि काकूंना, त्यांच्या नातवाला आणि वॉचमनना एकेक करून विचारलं, "अडकलात, आता काय कराल? बोटाने दाखवा." कॉल सेंटरला आधी सांगितलं होतं, पिवळा दिवा लागतो हेही बघून घेतलं.

काकूंनी चष्म्याशिवाय पहिली दोन वाक्यं वाचली आणि घंटेवर बोट ठेवलं. बाणावर नाही! पण दाबून लगेच सोडलं. "दाबून धरा" वाचलं होतं, तरी सोडलं. दिवा लागला नाही म्हणून पुन्हा वाचलं आणि मग धरलं. नातवाने वाचलंच नाही, सरळ पिवळं बटण दाबलं. वॉचमन म्हणाले आवाज आला नाही म्हणून मी परत दाबणार होतो, फोन लागायला किती वेळ लागतो ते लिहा.

दोरवाला
फोन लागायला वेळ लागतो, रिंग वाजत राहते. सेकंद लिहू नका, दर वेळी वेगळे असतात. "फोन लागेपर्यंत थांबा" पुरे.

वेलांटी
आणि "दिवा" वाक्याच्या सुरुवातीला आणा. "पिवळा दिवा लागेपर्यंत घंटेचं बटण दाबून धरा." दिवा आधी वाचला की डोळे तो शोधतात.

तिसरी_घंटा
मला उलटं वाटतं. आधी बटण सापडू दे, मग दिवा. "घंटेचं पिवळं बटण दाबा. दिवा लागेपर्यंत धरून ठेवा." दोन वाक्यं.

खटपट्या
काकूंवर दोन्ही करून बघितली. तिसरी_घंटा यांचं पहिल्या फटक्यात जमलं. अर्थात तोवर त्यांना उत्तर पाठ झालं होतं, त्यामुळे हा निकाल धरायचा की नाही देव जाणे. शेवटी हे छापायला देतोय:

लिफ्ट अडकली?
घंटेचं पिवळं बटण दाबा.
पिवळा दिवा लागेपर्यंत धरून ठेवा.
फोन लागेपर्यंत थांबा. हिरवा दिवा लागला की बोला.

हे वाचून सांगा:
"लिफ्ट नंबर दोन बंद पडली आहे. आत माणसं आहेत." (खाली इमारतीचं नाव आणि पत्ता)
किती जण आहात ते सांगा. कुणाला बरं नसेल तर सांगा.

दारापासून लांब उभे राहा.
दार उघडं दिसलं तरी आतच थांबा.
लिफ्टचा माणूस सांगेल तेव्हा बाहेर या.
आत हवा येत राहते.

मोबाईल नंबर सगळ्यात खाली मोठ्या आकड्यात. आगीचं वाक्य इथून काढलं आणि प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या बटणाशेजारी लावतोय, "आग लागली? जिन्याने जा." कारण ते वाचायची वेळ लिफ्टमध्ये शिरण्याआधीची आहे.

दोरवाला
आगीचं वेगळं केलंत हे चांगलं. आत शिरल्यावर वाचून उपयोग नसतो, वीज मधेच गेली तर तिथेच, आणि शाफ्टमधून धूर वर चढतो.

आजोळ
हवेची ओळ राहिलीच शेवटी. बघा हं.

खटपट्या
कमिटीत चार विरुद्ध तीन झालं. तिघांना "घाबरू नका" परत हवंय. पुढच्या मीटिंगला पुन्हा येणार आहे विषय.

बारकूशेठ
आणि दिवा गेला तर "धरून ठेवा" वाला अजून धरूनच उभा असेल, त्याचं काय ठरलं?

खटपट्या
दर महिन्याला दिवा बघायचं काम पण माझ्याकडेच आलंय.